विटेचं पेटंट संपलं, मग ड्रॉइंग पुढे केलं : लेगो विरुद्ध टायको

२८ जानेवारी १९५८ रोजी दुपारी १ वाजून ५८ मिनिटांनी डेन्मार्कमध्ये पेटंटचा एक अर्ज दाखल झाला. अर्जदार होते लेगो कंपनीचे गॉटफ्रेड कर्क ख्रिस्तियानसन आणि वस्तू होती मुलांच्या खेळातली प्लॅस्टिकची वीट. त्या अर्जातली वीट आज दुकानातून आणलेल्या विटेवर बसवली तर ‘टिक्’ करून घट्ट बसते. वीट तीच राहिली, पण तिच्याभोवतीचं कायद्याचं कुंपण मात्र दर काही वर्षांनी बदलत गेलं. आधी पेटंट, मग डिझाइनची नोंदणी, मग कॉपीराइट आणि शेवटी ट्रेडमार्क. यातलं कॉपीराइटचं कुंपण कसं कोसळलं हे पाहिलं की पेटंट आणि कॉपीराइट यांत फरक काय, आणि एकाची मुदत वीस वर्षं तर दुसऱ्याची शंभरच्या घरात का, याचा उलगडा होतो.

नेमकं शोधलं काय?

एकमेकींवर बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या विटा हा लेगोचा शोध नव्हे. ब्रिटनमध्ये हिलरी फिशर पेज यांनी किडिक्राफ्ट या नावाने तशा विटा आधीच बाजारात आणल्या होत्या आणि त्यांची पेटंटंही घेतली होती. लेगोने १९४९ मध्ये काढलेल्या पहिल्या विटा त्यांच्यावरूनच बेतलेल्या होत्या. मात्र पेज यांची पेटंटं डेन्मार्कमध्ये नव्हती आणि पेटंट हे ज्या देशाने दिलं त्या देशापुरतंच चालतं. जगभर चालणारं पेटंट अशी चीजच अस्तित्वात नाही. (लेगोने किडिक्राफ्टचे उरलेसुरले हक्क पुढे १९८१ मध्ये विकत घेतले. तारीख लक्षात ठेवा, त्यानंतर लवकरच कोर्टाची पायरी चढायची वेळ आली.)

या जुन्या विटा आतून पोकळ होत्या. एकीवर एक बसायच्या, पण धरून ठेवायच्या नाहीत. घर बांधून उचललं की भिंत हातात आणि छप्पर जमिनीवर. १९५८ च्या अर्जातली युक्ती या दुखण्यावर होती. विटेच्या पोटात गोल नळ्या दिल्या. माथ्यावर आठ गुंड्या असलेल्या विटेत खालून तीन नळ्या दिसतात. खालच्या विटेची गुंडी वरच्या विटेत शिरली की वरच्या विटेची बाहेरची भिंत आणि आतली नळी यांच्यामध्ये ती गुंडी चिमटीत सापडते. प्लॅस्टिक किंचित ताणलं जातं आणि घर्षणाने पकड बसते. लहान मुलाला सोडवता येईल इतपत सैल, पण उलटं धरलं तरी सुटणार नाही इतपत घट्ट.

पेटंट मिळालं ते या पकडीला. विटेच्या गोजिरेपणाला नाही, लाल-पिवळ्या रंगाला नाही, आणि ‘विटांचा खेळ’ या कल्पनेलाही नाही. पेटंटच्या कागदावर शेवटी ‘दावे’ लिहिलेले असतात आणि हक्क त्या दाव्यांच्या शब्दांइतकाच असतो. पोकळ वीट, तिच्या माथ्यावर गुंड्या, पोटात नळ्या, आणि त्यांची अशी मांडणी की दुसऱ्या विटेच्या गुंड्या मध्ये धरल्या जाव्यात. हे सगळं जिच्यात आहे ती वस्तू दुसऱ्याने बनवायची नाही. त्याने लेगोची वीट कधी पाहिली नसेल, स्वतःच्या डोक्याने तीच युक्ती काढली असेल, तरीही नाही. पेटंटचा हा सगळ्यात मोठा जोर आहे आणि त्याच्या मोबदल्यात दोन अटी येतात. एक, युक्ती पूर्ण उघड करून लिहायची, इतकी की त्या धंद्यातल्या जाणत्या माणसाला वाचून वस्तू बनवता यावी. दुसरी, मुदत संपली की ती सगळ्यांची.

अमेरिकेत हे पेटंट २४ ऑक्टोबर १९६१ रोजी मंजूर झालं. तेव्हाच्या तिथल्या कायद्याप्रमाणे मंजुरीपासून १७ वर्षं, म्हणजे १९७८ पर्यंत. कॅनडातलं शेवटचं पेटंट १९८८ मध्ये संपलं. देशागणिक तारीख वेगळी, पण शेवट सगळीकडे ठरलेला.

टायको येते

पेटंट संपल्यावर अमेरिकेतल्या टायको इंडस्ट्रीज या खेळणी कंपनीने लेगोच्या विटांवर बसतील अशा विटा काढायचं ठरवलं आणि उत्पादनासाठी हाँगकाँग निवडलं. लपूनछपून काहीच नव्हतं. लेगोची वीट समोर ठेवायची, मापं घ्यायची आणि साचा बनवायचा. हाँगकाँग तेव्हा ब्रिटिश वसाहत होती, म्हणून तिथे ब्रिटिश कॉपीराइट कायदा लागू होता. प्रकरण हाँगकाँगच्या न्यायालयांतून लंडनला, वसाहतींची शेवटची अपिलं ऐकणाऱ्या प्रिव्ही कौन्सिलपुढे गेलं आणि १९८८ मध्ये निकाल लागला.

पेटंट तर गेलेलं, मग लेगो बोट कशावर ठेवणार? तिने कारखान्यातली ड्रॉइंगं पुढे केली. साचा बनवायचा तर आधी विटेचं मापांसकट ड्रॉइंग लागतं. ड्रॉइंग ही कायद्याच्या भाषेत ‘कलाकृती’. तिच्यात सौंदर्य असायला हवं अशी अट नाही. आणि तेव्हाच्या ब्रिटिश कायद्यात एक विलक्षण गोष्ट होती. ड्रॉइंगवरून बनलेल्या वस्तूची नक्कल केली, तर ड्रॉइंग कधी डोळ्यांनी पाहिलं नसलं तरी ती त्या ड्रॉइंगचीच नक्कल धरली जायची. टायकोने वीट पाहून वीट बनवली, म्हणजे आडवाटेने लेगोचं ड्रॉइंगच उतरवलं.

हे मान्य झालं असतं तर काय झालं असतं, त्याचा हिशेब करून पाहू. कॉपीराइटची मुदत तेव्हा तिथे कर्त्याचं आयुष्य अधिक ५० वर्षं अशी होती. समजा, तिशीतल्या ड्राफ्ट्समनने ड्रॉइंग काढलं आणि तो ऐंशी वर्षं जगला. पन्नास वर्षं हयातीतली, पन्नास नंतरची, म्हणजे शंभर. अर्ज, तपासणी, शुल्क, नावीन्याची परीक्षा असं सगळं पार करून पेटंटने सतरा वर्षं दिली, आणि कुठलीही परीक्षा न देता एका कागदाने शंभर वर्षं दिली असती. मग पेटंट घेण्याच्या फंदात कोण पडेल?

लेगोची कसरत

वस्तूंच्या आकाराला इतकं लांब संरक्षण मिळू नये याची थोडीफार तजवीज कायद्यात आधीच होती. वस्तूचा आकार ‘डिझाइन’ म्हणून नोंदवण्याजोगा असेल आणि त्या वस्तूंचं औद्योगिक उत्पादन झालं असेल, तर ड्रॉइंगचा कॉपीराइट त्या वस्तूपुरता १५ वर्षांत संपायचा, कारण डिझाइनच्या नोंदणीची मुदत तेवढीच होती. आणि नोंदवण्याजोगं डिझाइन म्हणजे डोळ्याला भावणारं. आकार जर निव्वळ कामाच्या गरजेने ठरलेला असेल, तर ते डिझाइन नव्हे.

म्हणून लेगोला कोर्टात उलटं बोलावं लागलं. आमच्या विटेत डोळ्याला भावण्याजोगं काही नाही, सगळं कामापुरतं आहे, म्हणून ती डिझाइन म्हणून नोंदवता येत नाही, म्हणून आमचा कॉपीराइट पूर्ण मुदतीचा. गंमत अशी की याच कंपनीने पूर्वी विटांची डिझाइन म्हणून नोंदणी करून त्याचे फायदे घेतले होते. आणि प्रतिस्पर्धी टायको कोर्टाला पटवत होती की लेगोची वीट दिसायला छान आहे! इतका सुरस युक्तिवाद कायद्याच्या पुस्तकात क्वचितच सापडतो.

प्रिव्ही कौन्सिलने टायकोचं म्हणणं मानलं. विटेचे काही भाग कामासाठी आहेत हे खरं, पण संपूर्ण आकार केवळ कामानेच ठरला असं नाही, तो डोळ्यालाही भावतो. तेव्हा ते नोंदवण्याजोगं डिझाइन होतं आणि जुन्या ड्रॉइंगांच्या आधारे टायकोला अडवता येणार नाही.

राहिली नवी ड्रॉइंगं. १९७० च्या दशकात लेगोने विटांची ड्रॉइंगं पुन्हा काढली होती आणि त्यांत फेरफार केले होते. एखादी कड जास्त धारदार, कुठे गोलाईची त्रिज्या कमी, कुठे मापात किती फरक चालेल त्याचा आकडा बदललेला. साचेकामात हे फेरफार क्षुल्लक नसतात. विटेची पकड मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शांवर ठरते. लेगोचं म्हणणं होतं की ही नवी ड्रॉइंगं म्हणजे नव्या कलाकृती, त्यांचा कॉपीराइट नव्याने सुरू.

निकाल लिहिणाऱ्या लॉर्ड ऑलिव्हर यांनी इथे जे केलं ते मला या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. फेरफारांना अभियांत्रिकीत महत्त्व असेल, पण कॉपीराइट ज्या गोष्टीला मिळतो ती गोष्ट म्हणजे चित्र. चित्र म्हणून नवं ड्रॉइंग जुन्यापेक्षा वेगळं दिसतं का? नाही. वेगळे आहेत ते शेजारी लिहिलेले आकडे, आणि आकड्यांतून कळते ती तांत्रिक माहिती. जुन्या चित्रावरून चित्र काढायला कितीही कौशल्य आणि कष्ट लागले तरी नुसत्या उतरवण्यातून नवी कृती जन्माला येत नाही. नाहीतर दर काही वर्षांनी दोन आकडे बदलून ड्रॉइंग पुन्हा काढायचं आणि मक्तेदारी हवी तितकी लांबवायची, एवढंच काम उरलं असतं.

त्याच वर्षी ब्रिटनने कायदाही बदलला. ड्रॉइंगचा कॉपीराइट दाखवून रोजच्या वापराच्या वस्तूचं उत्पादन अडवण्याची वाट बहुतांशी बंद झाली.

पन्हा आणि लांबी

कापडाच्या दुकानात आपण पन्हा विचारतो आणि मग किती मीटर ते सांगतो. हे दोन हक्क तसेच मोजावेत. पेटंटचा पन्हा मोठा आणि लांबी कमी. ते युक्तीच अडवतं, अगदी स्वतंत्रपणे शोधणाऱ्यालाही अडवतं, म्हणून ते थोड्याच वर्षांचं. कॉपीराइटची लांबी भरपूर, पण पन्हा अरुंद. तो अडवतो ती फक्त नक्कल, आणि तीही मांडणीची. त्यातली कल्पना, पद्धत, युक्ती कोणीही उचलावी. दोघांनी एकमेकांचं न पाहता सारखंच चित्र काढलं तर दोघांचाही कॉपीराइट शाबूत. एवढा अरुंद आहे म्हणूनच तो शंभर वर्षं चालला तरी जगाचं अडत नाही. लेगोला पेटंटचा पन्हा आणि कॉपीराइटची लांबी असं दोन्ही एकाच ठाणातून हवं होतं.

कॉपीराइट गेल्यावर कंपनीने ट्रेडमार्कचा रस्ता धरला, कारण ट्रेडमार्क नूतनीकरण करत राहिलं तर संपतच नाही. गुंड्यांची ती रचना हीच आमची ओळख, असा दावा होता. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१० मध्ये तो फेटाळला. दोन्हीकडे कारण एकच: तांत्रिक काम करणाऱ्या आकाराला ट्रेडमार्कच्या नावाने कायमची मक्तेदारी मिळणार नाही. पण १९७८ पासून चालत आलेल्या चिमुकल्या माणसाच्या आकृतीचा ट्रेडमार्क युरोपात टिकला. त्या माणसाचा चेहरामोहरा ही ओळख आहे, विटेची गुंडी हे काम आहे.

आपल्याकडे

भारतात पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. मंजुरी पाच वर्षांनी मिळाली तरी मोजणी अर्जापासूनच. आणि ती आपोआप चालत नाही. तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी नूतनीकरणाचं शुल्क भरावं लागतं, विसरलात तर पेटंट मध्येच गळतं. कॉपीराइटला नोंदणीची सक्ती नाही, कृती तयार होताच तो लागू होतो. लिखाण, चित्र, संगीत यांना कर्त्याचं आयुष्य आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५६ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा कॉपीराइट २०१६ अखेर संपला. चित्रपट आणि ध्वनिमुद्रणाला मात्र प्रकाशनानंतर ६० वर्षं. पूर्वी हा ६० चा आकडा ५० होता. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ मध्ये वारले, त्यांच्या साहित्याची पन्नाशी १९९१ अखेर भरत होती, नेमकी तेव्हा मुदत दहा वर्षांनी वाढवली गेली.

पेटंट कायद्याच्या तिसऱ्या कलमात साहित्य, नाट्य, संगीत आणि कलाकृतींना पेटंट मिळणार नाही असं सरळ लिहिलं आहे. पण लेगोचा प्रश्न उलट्या बाजूचा होता, ड्रॉइंग दाखवून वस्तू अडवण्याचा. त्याचं उत्तर आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या पंधराव्या कलमात आहे. डिझाइन नोंदवलेलं असेल तर त्यात कॉपीराइट उरत नाही. नोंदवण्याजोगं असून नोंदवलं नसेल, तर मालकाने किंवा त्याच्या परवान्याने औद्योगिक पद्धतीने तशा पन्नासहून जास्त वस्तू बनल्या की त्या डिझाइनमधला कॉपीराइट संपतो. एक्कावन्नावा नग साच्यातून पडला की खेळ खलास. नोंदणी केलेल्या डिझाइनला १० वर्षं मिळतात, आणखी ५ वाढवता येतात.

हा मुद्दा नुसता पुस्तकी राहिलेला नाही. द्रवरूप नैसर्गिक वायू वाहून नेणाऱ्या ट्रेलरच्या ड्रॉइंगांवरून बडोद्याच्या आयनॉक्स इंडियाने क्रायोगॅस या कंपनीवर दावा लावला होता. प्रतिवादींचं म्हणणं, हे तर डिझाइन, नोंदवलेलं नाही, नग पन्नासच्या वर, तेव्हा दावाच चालत नाही. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकरणांसाठी कसोटी घालून दिली. आधी पाहायचं की ड्रॉइंग निव्वळ कलाकृती आहे की औद्योगिक वस्तूला लावलेलं डिझाइन. मग, कॉपीराइट मिळत नसेल तर, आकारात कामाचा भाग प्रधान आहे की दिसण्याचा, हे तपासायचं. कामच प्रधान असेल तर डिझाइन कायद्याचंही छत्र नाही. आणि हे सगळं पुराव्यानिशी ठरवायचं असल्याने दावा दारातच फेटाळणं बरोबर नव्हतं, खटला चालायला हवा, असा निकाल झाला.

भोसरीतला साचेवाला

आता समजा, भोसरीत इंजेक्शन मोल्डिंगचं युनिट चालवणाऱ्या एकाला जुन्या आठ गुंड्यांच्या विटेवर बसणारी वीट बनवायची आहे. विटेचा आकार आणि आतल्या नळ्या त्याने खुशाल घ्याव्यात, ते पेटंट कधीच संपलं. पण चाकं, बिजागऱ्या, मोटारी असे नंतर आलेले भाग घेताना प्रत्येकाच्या अर्जाची तारीख वेगळी पाहावी लागेल, आणि भारतात अर्ज झाला होता का हेही. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर हा शोध फुकट करता येतो. खोक्यावरचं चित्र आणि आतल्या पुस्तिकेतली चित्रं उचलायची नाहीत, त्यांचा कॉपीराइट जिवंत आहे. तेच घर स्वतः बांधून, स्वतः फोटो काढून, स्वतःची पुस्तिका केली तर हरकत यायचं कारण कमी. नाव आणि ती चिमुकली आकृती यांच्या वाटेला जाऊ नये.

याच साचेवाल्याने विटेत स्वतःची नवी पकड काढली, समजा ओल्या हातांनीही न निसटणारी, तर हिशेब उलटा फिरतो. ड्रॉइंगवर © चं चिन्ह उमटवून तो निर्धास्त झाला, तर शेजारच्या शेडमधला माणूस वीट विकत घेऊन, मापून, पन्नास नगांच्या अटीकडे बोट दाखवत तीच पकड विकू लागेल. त्या युक्तीला पेटंटच हवं, आणि अर्ज विक्रीच्या आधी, प्रदर्शनात मांडण्याच्या आधी, गिऱ्हाइकाला व्हिडिओ पाठवण्याच्या आधी व्हायला हवा, कारण एकदा उघड झालेली युक्ती नवी मानली जात नाही. १० जून २०२६ ला अर्ज केला तर १० जून २०४६ पर्यंत हक्क, दरवर्षी शुल्क भरलं तर. विटेचा बाहेरचा देखणा आकार वेगळ्या अर्जाने डिझाइन म्हणून, तोही बाजारात आणण्यापूर्वी. पुस्तिका आणि खोक्याचं चित्र यांसाठी त्याने काहीच केलं नाही तरी चालेल. फक्त चित्रकार पगारी नोकर नसेल तर हक्क लेखी लिहून घ्यायला विसरू नये आणि त्या कागदात मुदतही घालावी. आपल्या कायद्यात मुदत लिहिली नसेल तर असा करार पाच वर्षांचाच धरला जातो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरता.